देव एकच, मग नावे तिघांची का?

इसवी सन ११२च्या सुमारास काळ्या समुद्राच्या दक्षिणेला असलेल्या बिथिनिया-पोंतस या रोमन प्रांताचा राज्यपाल प्लिनी एका पेचात सापडला. ख्रिस्ती म्हणवणारे लोक त्याच्यापुढे आरोपी म्हणून उभे केले जात होते आणि त्यांचा नेमका गुन्हा कोणता, हे त्याला उमगत नव्हते. त्याने चौकशी केली, दोन दासींचा छळ करून त्यांना बोलते केले आणि हाती आलेली माहिती सम्राट ट्राजनला पत्राने कळवली. हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी एकत्र जमतात, चोरी आणि व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही अशी शपथ घेतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याचे स्तोत्र गातात, एवढेच त्याला सापडले होते. सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप जाळायला मात्र त्यांच्यातले खरे अनुयायी मरणाच्या भीतीनेही तयार होत नाहीत, असे त्याच्या कानावर आले होते.

या पत्रात एक विलक्षण गाठ आहे. एका देवाशिवाय कुणालाही पूजा द्यायची नाही म्हणून जीव द्यायला निघालेली ही माणसे सुमारे ऐंशी वर्षांपूर्वी क्रुसावर मारल्या गेलेल्या एका ज्यू माणसाला उद्देशून स्तोत्रे गात होती. आपण देवाचे एकपण मोडतो आहोत, असे त्यांना वाटत नव्हते. वाटले असते तर ती सम्राटापुढेही चिमूटभर धूप टाकून मोकळी झाली असती.

ख्रिस्ती धर्मातली त्रैक्याची शिकवण, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही श्रद्धा, या गाठीतून निघाली आहे. नवख्या माणसाला ती बहुधा अंकगणिताच्या कोड्यासारखी सांगितली जाते: एक अधिक एक अधिक एक बरोबर एक. असे सांगितले की ऐकणारा हसतो किंवा गप्प बसतो, आणि दोन्ही वेळा विषय तिथेच संपतो. ही शिकवण कुणी एकांतात बसून रचलेली नाही. माणसे आधीपासून जशी प्रार्थना करत होती, त्या प्रार्थनेचा अर्थ काय होतो, हे शोधताना ती घडत गेली. तो शोध नीट पाहिला तर कोड्याच्या जागी एक अतिशय सुसंगत विचार दिसू लागतो. तो पटो वा न पटो, समजून घेण्यासारखा नक्कीच आहे.

सुरुवात ज्यू धर्मापासून करावी लागते. येशू ज्यू होता, त्याचे पहिले शिष्य ज्यू होते, आणि देव एकच आहे ही घोषणा धार्मिक ज्यू माणूस सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेत करत असे, आजही करतो. या एकपणाचा अर्थ इतर देवांच्या तुलनेत आपला देव मोठा, असा नाही. ज्यू विचाराने साऱ्या अस्तित्वात एकच रेघ ओढली होती. रेघेच्या एका बाजूला निर्माता, दुसऱ्या बाजूला निर्माण झालेले सगळे काही: डोंगर, समुद्र, माणसे, राजे, देवदूतसुद्धा. मधली जागा नाही. अर्धा देव, देवाचा अंश, देवपदाला पोचलेला माणूस, असे कुणी या मांडणीत बसतच नाही. ही रेघ लक्षात ठेवली की पुढचा सगळा वाद सोपा होतो. येशू या रेघेच्या कोणत्या बाजूला उभा आहे, एवढाच तो प्रश्न होता.

नव्या करारातली सर्वांत जुनी लिखाणे म्हणजे पौलाची पत्रे. तीही येशूच्या मृत्यूनंतर वीस-तीस वर्षांतली आहेत. त्यांत एक धक्कादायक गोष्ट अगदी सहजपणे घडते. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात देव स्वतःबद्दल असे म्हणतो की माझ्याशिवाय दुसरा देव नाही आणि प्रत्येक गुडघा माझ्यापुढेच टेकेल. फिलिप्पै इथल्या मंडळीला लिहिताना पौल तेच वचन उचलतो आणि गुडघे येशूच्या नावापुढे टेकतील असे म्हणतो. पौल परुशी परंपरेत वाढलेला कडवा ज्यू होता. देवाचे एकपण सांगणारे वचनच त्याने येशूला लावले, आणि तसे करताना आपण दुसरा देव उभा करतो आहोत असे त्याला कुठेही वाटलेले दिसत नाही. त्याने येशूला रेघेच्या पलीकडे, निर्मात्याच्या बाजूला ठेवले आणि रेघ तशीच राहू दिली.

पवित्र आत्म्याचेही असेच झाले. देवाचा आत्मा हे शब्द ज्यू ग्रंथांत जुनेच आहेत. देवाचा श्वास, देवाचे सामर्थ्य असा त्यांचा अर्थ घेता येई. पण पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या लिखाणात हा आत्मा शिकवतो, मार्ग दाखवतो, आपल्यासाठी विनवणी करतो, आणि माणसांच्या वागण्याने त्याला दुःखही होते. नुसत्या शक्तीला दुःख होत नाही. शिवाय बाप्तिस्मा, म्हणजे नव्या माणसाला पाण्याने मंडळीत घेण्याचा विधी, फार लवकरच पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने दिला जाऊ लागला होता. नावे तीन घेतली जात, तरी मत्तयाच्या शुभवर्तमानात ‘नाव’ हा शब्द एकवचनी आहे.

तेव्हा दुसऱ्या शतकातल्या एखाद्या विचारी ख्रिस्ती माणसाच्या हाती तीन गोष्टी होत्या आणि तिन्ही सोडायच्या नव्हत्या. देव एकच आहे. पुत्र आणि आत्मा हेही खरोखर देव आहेत. आणि पिता, पुत्र, आत्मा हे एकमेकांहून खरोखर वेगळे आहेत. यातली एखादी गोष्ट थोडी सैल केली की सगळे लगेच सोपे होते. पुढची अडीचशे वर्षे हुशार आणि श्रद्धाळू माणसे याच सोप्या वाटांनी जाऊन पाहत राहिली.

पहिली सोपी वाट म्हणजे तिघांमधला वेगळेपणा सोडून देणे. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला रोममध्ये सबेलियस नावाचा एक शिक्षक होऊन गेला. त्याच्या नावावर जे मत चालते ते असे: देव एकच आहे आणि तोच वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या रूपांत प्रकट होतो, कधी पिता म्हणून, कधी पुत्र म्हणून, कधी आत्मा म्हणून. आजही त्रैक्य समजावताना पाणी, बर्फ आणि वाफ यांचा दाखला हटकून दिला जातो: पदार्थ एक, रूपे तीन. दाखला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्यातून ऐकणाऱ्यापर्यंत सबेलियसचेच मत पोचते, आणि ते चर्चने नाकारलेले आहे.

नाकारण्याचे कारण शुभवर्तमानांत आहे. अटकेच्या रात्री येशू गेथशेमाने बागेत गुडघे टेकून पित्याला विनवतो की शक्य असेल तर हे मरण टळू दे, तरी माझी इच्छा नव्हे, तुझीच पूर्ण होवो. पिता आणि पुत्र ही एकाचीच दोन रूपे असतील तर ही प्रार्थना कोण कुणाला करतो आहे? वाफ बर्फाशी बोलत नाही. मग बागेतला तो घाम, ती व्याकूळता हा शिष्यांना दाखवलेला देखावा ठरतो. त्याहून गंभीर गोष्ट अशी की देवाने माणसांना दाखवले ते केवळ एक सोंग असेल, तर सोंगामागचा देव कसा आहे हे माणसाला कधीच कळणार नाही. येशूमध्ये दिसलेले प्रेम देवाच्या मूळ स्वभावात आहे की ती त्या भूमिकेपुरती वेशभूषा होती? सबेलियसच्या वाटेने गेले तर या प्रश्नाला उत्तर उरत नाही.

दुसरी सोपी वाट याहून मोहक होती, आणि तिने सगळे रोमन साम्राज्य ढवळून काढले.

इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात इसवी सन ३१८च्या सुमारास एरियस नावाचा एक धर्मगुरू होता. तो वयस्क होता, साधी राहणी आणि उत्तम वक्तृत्व यांमुळे लोकांत मान मिळवलेला होता. देवाच्या एकपणाबद्दल त्याला मनापासून तळमळ होती. त्याचा युक्तिवाद असा: देवाला सुरुवात नाही, हे सगळ्यांना मान्य आहे. पुत्र पित्यापासून जन्मला, हेही मान्य आहे. जे जन्मते त्याला सुरुवात असते. म्हणजे पुत्र नव्हता अशी एक अवस्था होती. म्हणजे पुत्र निर्माण केलेला आहे: सगळ्या निर्मितीत पहिला, सर्वांत श्रेष्ठ, उरलेले विश्व ज्याच्या हातून घडले असा, पण तरीही निर्माण केलेलाच. एरियसने आपली मते पद्यात बांधली. त्याने खलाशांसाठी आणि जात्यावर दळणाऱ्यांसाठी गाणी रचली, असेही एका जुन्या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. मत सोपे होते, तर्क सरळ होता आणि गाणी ओठांवर बसत होती.

रेघेच्या भाषेत सांगायचे तर एरियसने पुत्राला अलीकडे, निर्मितीच्या बाजूला आणले. अगदी रेघेला खेटून, पण अलीकडेच.

अलेक्झांड्रियाचा बिशप अलेक्झांडर याने त्याला विरोध केला. बिशपच्या हाताखाली अथनेशियस नावाचा एक तरुण सेवक-अधिकारी होता. पुढची पन्नास वर्षे तो या वादात अडकणार होता. एरियसच्या तर्कात चूक कुठे आहे, हे त्याने आयुष्यभर लिहून मांडले. त्याचे म्हणणे सावकाश पाहू, कारण त्रैक्याच्या शिकवणीचा गाभा त्यातच आहे.

पहिला मुद्दा तारणाचा. ख्रिस्ती श्रद्धेचा केंद्रबिंदू असा की माणूस पापामुळे आणि मरणामुळे देवापासून तुटला आहे, आणि येशूमध्ये देवाने त्याला पुन्हा स्वतःशी जोडून घेतले आहे. आता एरियस म्हणतो त्याप्रमाणे येशू हा निर्माण केलेला कुणी असेल, तर त्याला स्वतःलाच देवाशी जोडून घ्यावे लागेल. तो दुसऱ्यांना काय जोडणार? तो कितीही उंच असला तरी त्याच्यात आणि देवात निर्माता आणि निर्मिती यांच्यातले तेच अमर्याद अंतर उरते. एरियसचा पुत्र देवाचा निरोप आणू शकतो, पण देवाला आणू शकत नाही. मग क्रुसावर जे दुःख सोसले गेले तेही देवाने सोसलेले नसते. देवाने आपल्या एका सेवकाला सोसायला पाठवलेले असते.

दुसरा मुद्दा प्रार्थनेचा, आणि इथे प्लिनीचे पत्र आठवावे. एरियसचे अनुयायीही येशूची प्रार्थना करतच होते. अथनेशियस त्यांना विचारतो: तो निर्माण केलेला आहे म्हणता, आणि त्याची पूजाही करता? मग निर्मितीला पूजा देणाऱ्या इतर लोकांत आणि तुमच्यात फरक काय राहिला? एरियस देवाचे एकपण राखायला निघाला होता, पण त्याच्या वाटेने मंदिरात एक मोठा देव आणि एक धाकटा देव असे दोघे उभे राहत होते. मला हा मुद्दा फार भेदक वाटतो. एकपण राखायचे तर पुत्राला पूर्णपणे देव मानले पाहिजे किंवा त्याची पूजा तरी थांबवली पाहिजे. तिसरा मार्ग नाही.

तिसरा मुद्दा पिता या नावाचा आहे. कुणी पिता असतो तो कुणाचा तरी पिता असतो. पुत्र नव्हता अशी अवस्था असेल, तर त्या अवस्थेत देव पिताही नव्हता. म्हणजे पितेपण, आणि त्याबरोबर प्रेम, हे देवाला मागाहून चिकटलेले ठरते. मुळात देव एकटाच, कुणावरही प्रेम न करणारा असतो. अथनेशियसला हे साफ अमान्य होते. देव कधीही पिता नव्हता असे झालेच नाही, म्हणून पुत्रही कधी नव्हता असे झालेले नाही. मग जन्माला सुरुवात असतेच, या एरियसच्या बोलण्याचे काय? माणसाच्या जन्मात आधी आणि नंतर असते, कारण माणूस काळात जगतो. देवाने तर काळच निर्माण केला. तिथे ‘जन्म’ या शब्दातून काळाचा भाग गळून पडतो, आईबापांच्या शरीराचा भागही गळून पडतो, आणि एवढाच अर्थ उरतो: पुत्र पित्यापासून आहे आणि पिता जे आहे तेच तो आहे. माणूस जे घडवतो ते त्याच्याहून वेगळ्या जातीचे असते. जे त्याच्यापासून जन्मते ते माणूसच असते. पुत्र जन्मलेला आहे, घडवलेला नाही, असे चर्चने ठरवून म्हटले ते याच कारणाने.

वाद इतका पेटला की सम्राट कॉन्स्टंटाईनने इसवी सन ३२५मध्ये बिशपांची परिषद बोलावली. ती नायसिया इथे भरली, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझ्निक गावी. हे शहर बिथिनियातच येते. प्लिनीने पहाटेच्या स्तोत्राबद्दल लिहिले त्याला दोनशेहून अधिक वर्षे लोटली होती. जमलेल्यांत काही बिशप असे होते की ज्यांच्या अंगावर आधीच्या सम्राटांच्या छळाच्या खुणा होत्या.

परिषदेत काय अडचण आली, ते अथनेशियसने नंतर लिहिले आहे. बिशपांना शक्यतो पवित्र शास्त्रातलेच शब्द वापरून निर्णय लिहायचा होता. पुत्र देवापासून आहे असे लिहू या, असे कुणी सुचवले की एरियसच्या बाजूचे लोक एकमेकांकडे पाहून डोळे मिचकावत आणि कुजबुजत: चालेल, सगळे जगच देवापासून आहे. पुत्र देवासारखा आहे म्हणावे, तर माणूसही देवाच्या प्रतिरूपात घडला आहे. प्रत्येक शब्द दोन्ही बाजूंना म्हणता येत होता. अखेर परिषदेने शास्त्रात नसलेला शब्द घेतला: पुत्र पित्याशी एकाच तत्त्वाचा आहे. या शब्दाला एरियसच्या बाजूने होय म्हणता येत नव्हते, आणि तो निवडण्याचे कारणही तेच होते. सही करायला शेवटपर्यंत नकार देणारे बिशप दोनच उरले. त्यांना आणि एरियसला हद्दपार करण्यात आले.

इथे एक प्रचलित गैरसमज दूर करायला हवा. येशूला देव ठरवण्याचे काम कॉन्स्टंटाईनने मतदानाने करवून घेतले, असे पुष्कळदा बोलले जाते. प्लिनीचे पत्र आणि पौलाची पत्रे पाहिली की ते टिकत नाही. शिवाय परिषदेनंतर काय झाले तेही पाहावे. काही वर्षांतच कॉन्स्टंटाईनने एरियसला परत बोलावले आणि मरणापूर्वी स्वतःचा बाप्तिस्मा एरियसच्या बाजूच्या बिशपकडून घेतला. त्याचा मुलगा कॉन्स्टँटियस याने तर नायसियाचा निर्णय मोडून काढण्यासाठी सत्ता वापरली. या काळात अथनेशियस अलेक्झांड्रियाचा बिशप होता. त्याला चार सम्राटांनी मिळून पाच वेळा हद्दपार केले, आणि बिशपपदाच्या ४५ वर्षांपैकी सुमारे १७ वर्षे त्याने परागंदा अवस्थेत काढली. राजसत्तेला हवे ते झाले असते तर आज ख्रिस्ती लोक बहुधा एरियसचे मत मानत असते.

पण विजयी झालेल्या मताला आपल्या अडचणी होत्याच. पुत्र पूर्ण देव, मग आत्मा? तोही पूर्ण देव म्हणावा तर देव तीन झाले नाहीत का? हा प्रश्न आपल्याकडच्या वाचकाला सर्वांत आधी पडतो, आणि पडावाही.

पंडिता रमाबाईंना तो पडला होता. १८८३मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण येशूचे देवत्व आणि त्रैक्य यांबद्दलच्या शंका त्यांनी मनात दडवून ठेवल्या नाहीत. त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना तिथल्या प्राचार्य डोरोथिया बील आणि वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो आज छापील स्वरूपात उपलब्ध आहे. केवळ चर्च सांगते म्हणून मी मानणार नाही, मला पटले पाहिजे, हा त्यांचा बाणा त्या पत्रांत पानोपानी दिसतो. अनेक देवांच्या उपासनेतून बाहेर पडून त्या एका देवाकडे आल्या होत्या. तिथे पुन्हा तीन नावे ऐकू आल्यावर त्या थबकल्या यात नवल नाही. पुढे त्यांनी ही श्रद्धा स्वीकारली आणि केडगावच्या मुक्तिसदनात राहून संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतरही केले. पण शंकेचा तो काळ त्यांनी घाईने उरकला नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

रमाबाईंना पडलेला हाच प्रश्न चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात आजच्या मध्य तुर्कस्तानातल्या कप्पदोकिया भागात राहणाऱ्या तिघांनी हाती घेतला होता: बेसिल, त्याचा धाकटा भाऊ निसाचा ग्रेगरी, आणि मित्र नाझियान्झसचा ग्रेगरी. त्या काळी हा विषय किती घरोघरी पोचला होता, याचे वर्णन निसाच्या ग्रेगरीने केले आहे. कॉन्स्टँटिनोपलमध्ये मोड मागावी तर सराफ पुत्र जन्मलेला की न जन्मलेला यावर बोलू लागतो आणि पावाचा भाव विचारावा तर पाववाला पिता मोठा असल्याचे सांगतो, अशी त्याची तक्रार होती.

याच ग्रेगरीने ‘तीन देव का नाहीत’ याच विषयावर एक छोटा निबंध लिहिला. अब्लाबियस नावाच्या माणसाने त्याला अडचणीत टाकणारा सवाल केला होता. पेत्र, याकोब आणि योहान या तिघांत माणूसपण एकच आहे, तरी आपण तीन माणसे म्हणतो. मग पिता, पुत्र आणि आत्मा यांच्यात देवपण एकच असले तरी तीन देव का म्हणू नयेत?

ग्रेगरीचे उत्तर असे. तीन माणसे एकच काम करत असली तरी प्रत्येकाचे काम आपले आपले असते. तीन शेतकरी नांगरत असतील तर तीन नांगर चालतात. एक थांबला तरी उरलेल्या दोघांचे काम चालू राहते. देवाचे तसे नाही. देवाकडून होणारी प्रत्येक क्रिया पित्यापासून निघते, पुत्राच्या द्वारे पुढे येते आणि पवित्र आत्म्यात पूर्णत्वाला जाते, आणि ती एकच क्रिया असते. माणसाला जीवन मिळते ते तिघांकडून मिळते, पण तीन जीवने मिळत नाहीत. पित्याने केले आणि पुत्राने केले नाही, असे कोणतेही काम दाखवता येत नाही. इच्छा एक, सामर्थ्य एक, काम एक. म्हणून देव एक.

ब्रह्मा-विष्णू-महेशाशी तुलना कुठे अडते, ते इथे नेमके दिसते. त्रिमूर्तीच्या प्रचलित कल्पनेत कामाची वाटणी आहे: एक उत्पन्न करतो, एक सांभाळतो, एक संहार करतो. त्रैक्यात अशी वाटणी नाही. पित्याने जग निर्माण केले, पुत्राने तारले आणि आत्म्याने पवित्र केले असे ख्रिस्ती लोकही सोयीने बोलतात, पण शिकवण अशी की निर्मिती, तारण आणि पवित्रीकरण या तिन्ही गोष्टी तिघांच्याच आहेत. माणूस होऊन जन्म घेणे मात्र एकट्या पुत्राचे. तिथेही पाठवणारा पिता आहे आणि मरियेच्या उदरी ते घडवणारा आत्मा आहे.

मग तिघांत फरक कशाने करायचा? सामर्थ्याने नाही, वयाने नाही, दर्जाने नाही, कामानेही नाही. कप्पदोकियाच्या या तिघांनी सांगितले की फरक फक्त नात्याचा आहे. पिता कुणापासून नाही. पुत्र पित्यापासून जन्मलेला आहे. आत्मा पित्यापासून निघतो. याखेरीज जे जे पित्याचे आहे ते सगळे पुत्राचे आहे आणि आत्म्याचेही आहे. इसवी सन ३८१मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत सुमारे दीडशे बिशपांनी याला मान्यता दिली. आत्म्याची पूजा पिता आणि पुत्र यांच्यासोबतच केली जाते, असे तिथे श्रद्धेच्या जाहीरनाम्यात लिहिले गेले. तोच जाहीरनामा आज जगभरच्या बहुतेक चर्चमध्ये म्हटला जातो.

त्यातल्या एका जागी पूर्व आणि पश्चिम आजही एकमत नाहीत. आत्मा पित्यापासून निघतो एवढेच मूळ वाक्य होते. पश्चिमेकडच्या चर्चने पुढे ‘आणि पुत्रापासून’ हे शब्द जोडले. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चला ते शब्द आणि विचारल्याशिवाय ते जोडण्याची रीत, दोन्ही मान्य नाहीत. ख्रिस्ती म्हणवणारे पण त्रैक्य न मानणारे यहोवाचे साक्षीदार यांच्यासारखे गटही आहेत. त्यांचे मत एरियसच्या बरेच जवळ जाते.

या शिकवणीत नवख्या माणसाची सर्वाधिक फसगत करते ती ‘तीन व्यक्ती’ ही शब्दयोजना. व्यक्ती म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे स्वतंत्र मन, स्वतंत्र इच्छा, स्वतंत्र आयुष्य असलेली तीन माणसे येतात आणि आपण नकळत तीन देवांकडे घसरतो. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर आफ्रिकेतल्या ऑगस्टीनने त्रैक्यावर पंधरा भागांचा ग्रंथ लिहिला. त्यात त्याने मोकळेपणाने कबूल केले की तिघे कोण, असे कुणी विचारले तर अगदीच गप्प राहायला नको म्हणून आपण ‘व्यक्ती’ म्हणतो. हा कबुलीजबाब शिकवणीच्या स्वरूपाशी जुळतो. नायसिया आणि कॉन्स्टँटिनोपल इथल्या बिशपांनी देवाच्या आत डोकावून नकाशा काढल्याचा दावा केलेला नाही. तिथली वाक्ये कुंपणासारखी आहेत: या बाजूला गेलात तर प्रार्थना करणारा येशू खोटा ठरतो, त्या बाजूला गेलात तर माणसाला देव भेटतच नाही, आणि तिसऱ्या बाजूला गेलात तर देव तीन होतात. आतल्या जागेत काय आहे, याबद्दल त्यांनी फार थोडे लिहिले आहे.

आतले काय ते पाहायचे असेल तर ख्रिस्ती माणसाची प्रार्थना पाहावी. वसईच्या एखाद्या चर्चमध्ये मराठीतून चाललेल्या मिस्सेला बसले तर तिथल्या प्रार्थना बहुतेक करून पित्याला उद्देशून केलेल्या असतात, त्या पुत्राच्या द्वारे केल्या जातात आणि पवित्र आत्म्याच्या ऐक्यात संपतात. पौलाने म्हटले होते की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्माच आपल्या आत प्रार्थना करतो. म्हणजे ख्रिस्ती समजुतीनुसार गुडघे टेकलेला माणूस दूरवरच्या देवाला एकट्याने हाक मारत नसतो. ज्याला तो हाक मारतो तो देव, ज्याच्या सोबतीने आणि ज्याच्या नावाने मारतो तोही देव, आणि त्याच्या आतून हाक मारायला लावणाराही देवच.